विनोदी प्रवेश-निबंध लिहू इच्छिणाऱ्यांस

प्रवेश-अर्जाला जोडायचा निबंध समोर आहे आणि आपण जात्याच विनोदी आहोत, असा दुहेरी योग ज्यांच्या वाट्याला आला आहे, त्यांच्यासाठी या सूचना आहेत. मी काही वर्षे एका पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या निवड समितीवर असे निबंध वाचण्याचे काम केले आहे. एखादा चांगला बुद्धिमान अर्जदार केवळ दोन-तीन विनोदांच्या बळावर नकाराच्या गठ्ठ्यापर्यंत किती सहज पोहोचतो, हे मी जवळून पाहिले आहे. हे ज्ञान माझ्यापाशीच पडून राहू नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सर्वप्रथम, निबंध कोणत्या प्रकारचा मागितला आहे हे पाहण्याच्या फंदात पडू नका. अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांना पदवीच्या प्रवेशासाठी जो सामाईक अर्ज चालतो, त्या ‘कॉमन ॲप’मधला मुख्य निबंध 250 ते 650 शब्दांचा असतो आणि त्यातून अर्जदार माणूस म्हणून कसा आहे हे कळावे, अशी अपेक्षा असते. तिथे हलकाफुलका सूर शोभतो, कारण माणूस कशावर हसतो यावरून तो बराच ओळखता येतो. पदव्युत्तर प्रवेशासाठीचे ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ मात्र बहुधा त्या विषयाचे प्राध्यापक वाचतात, आणि हा मनुष्य आमच्याकडे येऊन काय करील व त्यासाठी त्याने कोणती तयारी केली आहे, हे त्यांना जाणून घ्यायचे असते. शिकागो विद्यापीठासारखी एखादी संस्था तर मुद्दाम चक्रावून टाकणारे प्रश्न विचारण्यासाठीच प्रसिद्ध आहे. ‘एक्स शोधा’ एवढाच एक प्रश्न तिने एके वर्षी दिला होता. अशा ठिकाणी थट्टा प्रश्नातच केलेली असल्यामुळे उत्तरात खरोखर विचार करणारा अर्जदार उठून दिसतो. तुम्ही मात्र हे बारकावे बाजूला सारून एकच निबंध तिन्हीकडे पाठवा. शिकागोसाठी रचलेला वाह्यातपणा वाचताना जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापकांचा चेहरा कसा होतो, हे तुम्हाला पाहायला मिळणार नाही, एवढीच काय ती रुखरुख राहील.

आरंभ वाचणाऱ्याच्या थकव्यावर विनोद करून करावा. ‘आदरणीय समिती, हा आपला आजचा चाळिसावा निबंध असेल, तेव्हा आधी डोळ्यांवर पाणी मारून या’ अशा धर्तीचे वाक्य फार उपयोगी पडते. ते तुम्हाला सुचले तसे इतरांनाही सुचलेले असते, त्यामुळे वाचणाऱ्याला ते ओळखीचे वाटते आणि ओळखीचे वाटणे हीच तर आपुलकीची पहिली पायरी. शिवाय असा आरंभ 65 शब्दांत आटोपला, तरी 650 शब्दांच्या निबंधाचा दहावा हिस्सा बिनघोर खर्ची पडतो. तेवढ्या जागेत समितीला तुमच्याविषयी एकच माहिती मिळते, ती म्हणजे समिती निबंध वाचते हे तुम्हाला ठाऊक आहे.

आता जरा सविस्तर उदाहरण घेऊ, कारण या कलेत बारकाव्यांनाच महत्त्व आहे. मी समितीवरून निवृत्त झाल्यानंतर ओळखीतल्या एका मुलीने सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी लिहिलेला मसुदा मला दाखवला. त्याचा आरंभ असा होता: ‘बॅक्टेरिया वाढवायला गेले आणि बुरशीची बाग फुलवून आले! फ्लेमिंगला एका प्लेटवरच्या बुरशीने नोबेल मिळवून दिले, माझ्याकडे तर अशा चौदा प्लेट होत्या. मी इतकी वेंधळी आहे की मला येताना पाहिले की आमचे सर प्रयोगशाळेचे दार लावून घेतात.’

मला हा मसुदा अतिशय आवडला. अवघ्या तीन वाक्यांत तिने तीन दारे बंद करून घेतली होती, आणि सरांनी लावून घेतलेले दार त्यात धरलेले नाही. बुरशी लागलेली प्लेट हातात आली की विद्यार्थ्याला पेनिसिलिनचा शोध लावणारा फ्लेमिंग आठवतोच, आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापकाने तो विनोद विद्यार्थिदशेत बहुधा स्वतःही केलेला असतो. त्याहून मौजेची गोष्ट अशी की 1928 साली फ्लेमिंगच्या प्लेटवर बुरशी आली याला स्वतःमध्ये काहीच महत्त्व नव्हते. त्या बुरशीभोवतीच्या स्टॅफिलोकोकस जिवाणूंच्या वसाहती विरघळून गेल्या आहेत हे त्याने पाहिले, याला महत्त्व होते. आमच्या अर्जदार मुलीने चौदा प्लेटमध्ये काय पाहिले, हे मसुद्यात कुठेच नव्हते. राहिला वेंधळेपणा. ज्या विषयात निर्जंतुकपणे काम करता येणे ही पहिली अट आहे, त्या विषयाच्या प्राध्यापकांना ‘मला तेवढे सोडून बाकी सर्व येते’ असे हसत हसत कळवणे, याला मोठे धैर्य लागते.

स्वतःवर हसणारा माणूस सर्वांना आवडतो, असे म्हणतात, आणि तुम्ही त्यावर पूर्ण विश्वास ठेवा. स्वतःच्या बेसूर गाण्यावर किंवा वाकड्यातिकड्या अक्षरावर हसणारे अर्जदार उगीच सुरक्षित राहतात. खरा धाडसी अर्जदार ज्या कामासाठी अर्ज केला आहे नेमक्या त्याच कामातील आपल्या असमर्थतेवर हसतो. अर्जासोबत शिफारसपत्रेही असतात, हे विसरू नका. पत्रात तुमचे प्राध्यापक ‘अत्यंत काळजीपूर्वक काम करणारी विद्यार्थिनी’ असे लिहितात आणि निबंधात तुम्ही ‘मी महावेंधळी’ असे लिहिता, तेव्हा वाचणाऱ्यापुढे दोन साक्षी येतात. शिफारसपत्रात सर्वच जण स्तुती करतात, हे तो जाणून असतो. स्वतःविरुद्ध खोटी साक्ष मात्र कोण कशाला देईल?

दुर्दैवाने ती मुलगी माझ्या कौतुकाने हुरळून जाणारी नव्हती. ‘पण नेमके झाले काय होते?’ असा तिच्या थोरल्या बहिणीने विचारलेला एक अरसिक प्रश्न तिने मनावर घेतला आणि आरंभ नव्याने लिहिला. तो असा:

‘तिसऱ्या आठवड्यात माझ्या कंट्रोल प्लेटवर, जिच्यात काहीच उगवायला नको, प्रयोगाच्या प्लेटपेक्षा जास्त हिरवळ होती. तोवर मी दर सोमवारी प्लेट टाकून देत होते आणि उरलेला आठवडा स्वतःला दोष देत होते. चौथ्या आठवड्यात मी दोष देणे थांबवले आणि मोजायला लागले. त्याच माध्यमाची एक बाटली न उघडता उबवून पाहिली; ती स्वच्छ राहिली. मग टेबलावर पाच ठिकाणी पाच प्लेट अर्धा अर्धा तास उघड्या ठेवल्या. पंख्याखालच्या प्लेटवर 19 कॉलन्या आल्या, उरलेल्या चारांवर मिळून 7. पंखा माझ्या आधीपासून तिथे होता, तरी संशयितांच्या यादीत त्याचे नाव सर्वांत शेवटी आले, कारण मी त्याच्याखालीच बसून विचार करत होते.’

माझ्या पद्धतीच्या दृष्टीने हा परिच्छेद म्हणजे सपशेल अपयश आहे. यात एकही उद्गारचिन्ह नाही, कुणावर टोमणा नाही, आणि शेवटच्या वाक्यावर हसू येते तेही माहिती कळल्यामुळे येते. पंख्याबद्दलची ती ओळ काढून टाकली, तर ती मुलगी स्वतः कुठे बसत होती आणि कारण इतके दिवस का सापडले नाही, हेही त्या ओळीबरोबर निघून जाते. पहिल्या मसुद्यातले तिन्ही विनोद मात्र एकामागून एक खोडले, तरी निबंधातून काहीच कमी होत नव्हते. ज्यांना माझ्या सल्ल्याच्या नेमके उलट वागायचे असेल, त्यांनी ही खोडून पाहण्याची चाचणी अवश्य करावी. इतरांनी तिच्यापासून दूर राहावे. आणखी एक उणीव सांगतो. हे हसू आरंभीच्या परिच्छेदातच संपले. पुढे तिने हवेतून पसरणाऱ्या बीजाणूंविषयी काय वाचले, कोणत्या प्रश्नावर काम करायचे आहे आणि त्याच विभागात का, हे सर्व साध्या, सरळ भाषेत लिहिले. तो सूर शेवटपर्यंत ताणून प्रत्येक परिच्छेदाला एक कोटी जोडण्याची संधी तिने अक्षरशः वाया घालवली.

एखाद्या सत्रात गुण घसरले असतील, तर तिथे विनोदाला पर्याय नाही. ‘त्या सत्रात मी आणि गणित यांनी काही काळ विभक्त राहण्याचे ठरवले’ असे लिहिले की वाचणारा क्षणभर हसतो आणि मग त्याला हवे असलेले तीन तपशील शोधू लागतो: काय झाले, किती काळ चालले आणि नंतरच्या सत्रात काय बदलले. ते सापडले नाहीत, की उरलेली जागा तो आपल्या कल्पनेने भरून काढतो, आणि गुणपत्रिका समोर असताना त्याची कल्पना फारशी उदार नसते. ‘तिसऱ्या सत्रात सात आठवडे आजारी होतो, दोन विषय राहिले, दोन्ही पुढच्या सत्रात चांगल्या गुणांनी सुटले’ हे वाक्य त्याला लगेच पुढच्या पानावर जाऊ देते, म्हणून ते टाळावे.

पाठवण्यापूर्वी निबंध कुणाला वाचून दाखवायचाच असेल, तर जिवलग मित्राला दाखवा, आणि स्वतःच मोठ्याने वाचा. तुम्ही कुठे भुवई उंचावता, कुठे आवाज खाली नेता, हे त्याला पाठ असते, त्यामुळे कागदावर नसलेला विनोदही त्याला ऐकू येतो. ‘आमचे मार्गदर्शक इतके व्यग्र असत की त्यांची भेट म्हणजे ग्रहणच’ या वाक्यावर तो पोट धरून हसेल. हेच वाक्य अनोळखी प्राध्यापक शांतपणे, मनातल्या मनात वाचतात, तेव्हा त्यांना त्यात उपरोध ऐकू येत नाही. मार्गदर्शकाविषयी तक्रार करणारा एक विद्यार्थी दिसतो, आणि पुढच्या वर्षी हाच विद्यार्थी आपल्याविषयी कुणाला काय लिहील, असा विचार त्यांच्या मनात येतो. तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाच्या हातात कागद देऊन, काही न बोलता, तो कुठे थांबतो आणि कोणती ओळ पुन्हा वाचतो एवढेच पाहत बसणे, हा प्रकार फार कंटाळवाणा आहे आणि त्यात चांगले चांगले विनोद बळी पडतात.

त्या मुलीला मुलाखतीला बोलावले. खोलीत शिरून ती बसते न बसते तोच समोरच्या प्राध्यापिकांनी पहिला प्रश्न विचारला, ‘मग तो पंखा शेवटी हलवला का?’ तिने सांगितले की पंखा हलवता आला नाही, म्हणून टेबल हलवले, आणि मग टेबलाच्या नव्या जागेवरून पुढची वीस मिनिटे बीजाणूंवर चर्चा झाली. माझ्या सूचना तंतोतंत पाळल्यात, तर तुमच्या निबंधावर असा कोणताही प्रश्न येण्याची भीती नाही, त्यामुळे मुलाखतीची तयारी करण्याचे कष्टही वाचतील.