अलाइनर म्हणजे तारेला सरसकट पर्याय नव्हे

“पस्तिशीनंतर तारा लावायची गरजच नाही. पारदर्शक अलाइनर तारेचं सगळं काम करतात. जेवताना काढून ठेवायचे, बाकी काही सांभाळावं लागत नाही. सहा महिन्यांत दात सरळ.”

मी जळगावात तारेने आणि अलाइनरने दात सरळ करण्याचं काम करतो. हा मजकूर मोबाइलवर दाखवत माणसं येतात आणि त्यातली काही चुकीची अपेक्षा मनात धरून पैसे भरून बसलेली असतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“सगळं काम” हा पहिला मुद्दा. दात कसा हलवायचा आहे, यावर उत्तर ठरतं. अलाइनर म्हणजे दातांवर बसणारा, काढता-घालता येणारा प्लास्टिकचा साचा; असे साचे एकामागून एक घालायचे असतात आणि एक अलाइनर दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो. पुढच्या दोन दातांत दोन मिलिमीटरची फट असेल तर प्रत्येक दाताला एकच मिलिमीटर यायचं असतं, तेही बहुतेक कलून. कागदावर चार अलाइनर, प्रत्यक्षात काही जास्त. इथे अलाइनर चांगलं काम करतो, आणि काढून नीट घासता येत असल्याने हिरड्याही स्वच्छ राहतात. अशा माणसाला मी तारेचा आग्रह धरत नाही.

आता अमळनेरच्या छत्तीस वर्षांच्या एका शिक्षिकेचं बघा. वरचे दात पुढे आलेले, ओठ मिटताना ताण पडायचा. वरच्या दोन्ही बाजूंची पहिली उपदाढ काढून त्या जागेत पुढचे दात मागे न्यायचे होते. एका बाजूची जागा जवळपास सात मिलिमीटर. पाव मिलिमीटरच्या हिशेबाने अठ्ठावीस अलाइनर झाले की काम संपायला हवं. पण दात मुळासकट सरकायला हवा, आणि प्लास्टिक पकडतं ते दाताच्या वरच्या भागाला. कुंपणाचा खांब वरून ढकलला तर तो सरकत नाही, कलतो. तसाच दात मोकळ्या जागेत कलतो आणि मूळ मागे राहतं. ते टाळण्यासाठी दातावर कंपोझिट या दाताच्या रंगाच्या भरावाचे छोटे उंचवटे चिकटवतात. त्यांनी मदत होते, पण पूर्ण भागत नाही. गोलसर सुळा किंवा उपदाढ फिरवणं आणि वर राहिलेला दात खाली ओढणं, हेही अलाइनरला जड जातं. तारेत प्रत्येक दातावर ब्रॅकेट नावाचा छोटा तुकडा चिकटवतात, त्याच्या खाचेत चौकोनी तार बसते, ती मुळाचा कल धरून ठेवते. या बाईंना आम्ही दाताच्या रंगाच्या सिरॅमिक ब्रॅकेटची तारच सुचवली.

दुसरा मुद्दा काढून ठेवण्याचा. अलाइनर दिवसाला बावीस तास तोंडात हवा. उरले दोन तास. दोन जेवणं अर्धा-अर्धा तास, नाश्ता वीस मिनिटं, तीन वेळा चहा पंधरा-पंधरा मिनिटं: हिशेब दोन तासांच्या पुढे गेला. धुळ्याच्या बाजारपेठेत दुकान सांभाळणाऱ्याला गिऱ्हाईकागणिक चहा घ्यावा लागतो, त्याचं काय? अलाइनर घालूनच गोड चहा घेतला तर साखर प्लास्टिक आणि दात यांच्यामध्ये अडकते, लाळ तिथे पोचत नाही आणि दात किडायला लागतो. चहा फार गरम असेल तर प्लास्टिकचा आकारही बिघडतो.

तास कमी पडताहेत हे घरीच ओळखता येतं. अलाइनर घालून आरशात बघा. दाताची कड आणि प्लास्टिक यांच्यात पोकळी दिसत असेल तर दात मागे राहिला आहे. पुढचा अलाइनर जबरदस्तीने चढवू नका. आहे तोच जास्त दिवस घाला आणि डॉक्टरांना दाखवा. फरक पडला नाही तर नव्याने स्कॅन करून उरलेले अलाइनर पुन्हा बनवावे लागतात. तार मात्र तोंडातच असते, तिला विसरता येत नाही. तिचा त्रास वेगळा: भाकरीचा कडक पापुद्रा, शेव आणि भाजलेले शेंगदाणे यांनी ब्रॅकेट निघतो, आणि घासायला वेळ लागतो.

सहा महिने फटीसारख्या कामाला पुरू शकतात. शिक्षिकेच्या बाबतीत दात महिन्याला सुमारे एक मिलिमीटर मागे येतो असं धरलं तरी नुसती जागा मिटायलाच सात महिने. त्याआधी दात एका रेषेत आणायचे, नंतर चावा जुळवायचा. मी त्यांना दीड ते दोन वर्षं सांगितली.

त्या मजकुरात हिरड्यांचा शब्दही नाही, आणि मोठ्या माणसात मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. आपल्याकडे मशेरी, तंबाखू आहे. घासताना रक्त येत असेल, दात हलत असतील तर आधी एक्स-रेवर हाड किती उरलंय ते बघायचं आणि हिरड्यांचा उपचार करायचा. सुजलेल्या हिरडीत दात ओढला तर हाड आणखी झिजतं; मग साधन तार असो की अलाइनर. त्यामुळे फोटो पाठवून घरपोच अलाइनर मागवू नका. तपासायला जाल तिथे दंतवैद्याकडे बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्सचं, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेचं, एमडीएस आहे का, हे विचारा. तुमच्या दाताचं मूळ किती सरकवायचंय, हेही त्यांच्याकडूनच समजून घ्या.

आणि उपचार संपला तरी दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर लागतोच. फट मिटवलेल्या दातांना मागून बारीक तार चिकटवतो, नाहीतर ती फट परत उघडते.