आयएनआर 2.1 आला म्हणजे रक्त पातळ झालं, असं नाही

"मॅडम, तिकडं सांगितलं रक्त पातळ झालंय, चार पिशव्या प्लाझ्मा आणा. आणि आता तुम्ही म्हणता आत शिरेत गुठळी झालीय. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल?"

हा प्रश्न गेल्या वर्षी एका पेशंटच्या मुलाने मला विचारला. मुलगा बारावी शिकलेला, शेती करणारा. त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. तो तिकडे, प्लाझ्मा मागवण्याआधी, कुणीतरी स्वतःला विचारायला हवा होता.

वडील 54 वर्षांचे, हेपटायटिस बीमुळे लिव्हर सिरॉसिस. पोट पाण्याने इतकं फुगलेलं की आडवं पडलं की दम लागायचा. सुईने पाणी काढायचं होतं, ज्याला आम्ही टॅप म्हणतो. रिपोर्टमध्ये आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेवरून काढलेला आकडा, 2.1 आणि प्लेटलेट 52 हजार. आधीच्या दवाखान्यात सांगितलं, आयएनआर दीडच्या खाली आल्याशिवाय सुई घालणार नाही. मुलगा थर्माकोलचा डबा घेऊन दोन दिवस रक्तपेढीच्या चकरा मारत होता. चार पिशव्या चढवल्या, म्हणजे साधारण 800 मिली. आयएनआर 2.1 वरून 1.9 झाला आणि दम वाढला. मग अजून चार आणायला सांगितल्या. तेव्हा ते लोक आमच्याकडे आले.

हे मी चिडून लिहितेय, कारण शिकत असताना मीही अशा पिशव्या मागवल्या आहेत. वरिष्ठ सांगायचे, आम्ही लिहायचो.

लिव्हर रक्त गोठवणारे घटक बनवतं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण तेच लिव्हर गोठणं थांबवणारे घटकही बनवतं : प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटीथ्रोम्बिन. लिव्हर खराब झालं की दोन्ही कमी होतात. तराजूच्या दोन्ही पारड्यांतून वजन काढलं तर काटा बराचसा मधेच राहतो. शिवाय रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात बनणारे दोन घटक, फॅक्टर आठ आणि व्हॉन विलेब्रँड, सिरॉसिसमध्ये उलट वाढतात. प्लेटलेट कमी पडल्या तरी हा व्हॉन विलेब्रँड त्यांना जखमेवर चिकटवायला जास्त जोर लावतो, आणि उणीव बरीच भरून निघते.

मग आयएनआर का वाढतो? कारण त्या तपासणीला एकच पारडं दिसतं. निळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त फिरवून प्लाझ्मा वेगळा करतात, त्यात गोठणं सुरू करणारं थ्रोम्बोप्लास्टिन आणि कॅल्शियम टाकतात आणि गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतात. शरीरात गोठण्याचा ब्रेक लागतो तो रक्तवाहिनीच्या अस्तरावर. तिथे थ्रोम्बोमोड्युलिन नावाचं प्रथिन असतं. रक्त गोठवणारं थ्रोम्बिन त्याला भेटलं की प्रोटीन सी जागं होतं आणि गोठणं आवरतं. नळीत अस्तर नाही, थ्रोम्बोमोड्युलिन नाही, म्हणून ब्रेक कमकुवत झालाय की नाही हे त्या सेकंदांत उमटतच नाही. अॅक्सिलरेटर कमी झालेला तेवढा दिसतो.

मिलानमध्ये त्रिपोदी आणि मान्नुच्ची यांच्या गटाने 2005 मध्ये नेमकं हेच तपासलं. सिरॉसिसच्या पेशंटांच्या प्लाझ्मात त्यांनी थ्रोम्बोमोड्युलिन मिसळलं आणि किती थ्रोम्बिन बनतं ते मोजलं. ते निरोगी माणसांइतकंच निघालं. पुढे या अवस्थेला 'पुन्हा साधलेला समतोल' अशा अर्थाचं नाव मिळालं.

आणखी एक गोष्ट. आयएनआरचं गणित बसवलंय ते वॉरफरिन हे रक्त पातळ करायचं औषध घेणाऱ्या पेशंटांवर. वॉरफरिनवरचा 2.1 आणि सिरॉसिसमधला 2.1 यांचा अर्थ एक नाही. सिरॉसिसच्या पेशंटचं तेच रक्त दोन लॅबमध्ये दिलं तर वापरलेल्या थ्रोम्बोप्लास्टिननुसार आकडाही वेगळा येऊ शकतो.

आता प्लाझ्माकडे या. पिशवीत गोठवणारे आणि थांबवणारे असे दोन्ही घटक असतात. म्हणजे आपण दोन्ही पारड्यांत थोडं थोडं टाकतो, काटा फारसा हलत नाही, कागदावरचा आकडा किंचित खाली येतो एवढंच. पण ते 800 मिली पाणी मात्र शरीरात राहतं. आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब, जो या आजारात आधीच चढलेला असतो, तो आणखी चढतो. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटतात त्या मुख्यतः या दाबामुळे. म्हणून त्या रक्तस्रावात आधी दाब उतरवणारं औषध, अँटिबायोटिक आणि दुर्बिणीतून बँडिंग करतात. तिथे निव्वळ आयएनआर पाहून प्लाझ्मा ओतला तर रक्तस्राव वाढूही शकतो.

आम्ही त्याच संध्याकाळी प्लाझ्माशिवाय टॅप केला. सोनोग्राफीने जागा पाहिली, डाव्या बाजूला खाली सुई घातली, 6 लिटर पाणी काढलं आणि दर लिटरला साधारण 8 ग्रॅम या हिशोबाने अल्ब्युमिन दिलं. सुईच्या जागी चिकटपट्टीवर रुपयाएवढाही डाग नव्हता. यात आमची काही बहादुरी नाही. 2004 च्या एका अभ्यासात 1100 मोठे टॅप प्लाझ्मा न देता झाले होते, काही पेशंटांचा आयएनआर 8.7 पर्यंत होता, आणि रक्तस्रावाची गुंतागुंत एकही नव्हती.

दुसऱ्या दिवशी डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, पोर्टल शिरेत अर्धवट गुठळी दिसली, आणि मुलाने तो प्रश्न विचारला. कडक झालेल्या लिव्हरमुळे त्या शिरेतलं रक्त संथ वाहतं. वर थांबवणारे घटक कमी. आयएनआर 2.1 म्हणजे अंगातच वॉरफरिन आहे, हा समज इथेच उघडा पडतो. अशा पेशंटांच्या पायातही गुठळ्या होतात. आम्ही आधी दुर्बीण टाकून मोठ्या शिरांना बँड लावले आणि मग हेपरिनची इंजेक्शनं सुरू केली. रक्त पातळ झालंय म्हणून ज्याला दोन दिवस प्लाझ्मा दिला, त्यालाच आता रक्त पातळ करायचं औषध! मुलाची आई तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

हा समतोल नाजूक असतो, हेही तितकंच खरं. निरोगी माणसाकडे दोन्ही बाजूंना साठा असतो, इथे नाही. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला, किडनी बसली, की काटा कुठेही झुकतो. अशा पेशंटमध्ये मी सुई घालताना दहादा विचार करते. कावीळ जास्त असून पित्त अडलेलं असेल, किंवा माणूस बरेच दिवस जेवलेला नसेल, तर व्हिटॅमिन के कमी पडलेलं असतं. तिथे इंजेक्शन देऊन पाहावं, कारण ती खरी उणीव आहे आणि भरून निघते. प्रत्यक्ष रक्त वाहतंय आणि गुठळीचे धागे ज्यापासून बनतात ते फायब्रिनोजेन फार खाली गेलंय, तर ते भरावं लागतं. माझा राग आहे तो रक्त वाहत नसताना नुसत्या आकड्यासाठी लावलेल्या पिशव्यांवर.

सात महिन्यांनी डॉपलरमध्ये शीर मोकळी दिसली आणि इंजेक्शन थांबवलं. पुढच्याच महिन्यात मुलाचा फोन. वडिलांची दाढ काढायची होती, आयएनआर 2.0 आला होता, आणि त्या दवाखान्यात चार पिशव्या आणायला सांगितल्या होत्या. मी दंतवैद्यांशी बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दाढ काढली, रक्तस्राव आवरणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडमध्ये भिजवलेलं गॉज अर्धा तास दाताखाली धरायला लावलं. संध्याकाळी मुलाने फोटो पाठवला, वडील वाटीतून थंड ताक पीत होते.