दोन नंबर मोठा रेनकोट घेतला म्हणून त्यात दप्तर मावत नाही

आपल्या विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. तोवर पाऊस आलेला असतो किंवा उंबरठ्यावर असतो. मग वह्या, दप्तर, रेनकोट सगळं एकाच आठवडी बाजारात घाईघाईने घेतलं जातं, आणि रेनकोटवाल्यापुढे दर दुसरी माय एकच बोलते, "वाढतं आंग हाय पोरीचं, वरून दप्तर. दोन नंबर मोठाच दे भाऊ." दुकानदारही मान डोलावतो. त्याचं काय जातं!

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात शिवणकाम करते. झड लागली की माझ्याकडे ब्लाउज-परकर कमी आणि फाटलेले रेनकोट जास्त येतात. ते बहुतेक एकाच जागी उसवलेले असतात, पाठीकडून काखेच्या शिवणीत. आणणारी म्हणते, "लहान पडला वं ताई." मी बाही ओढून पाहते तर ती पोरीच्या बोटांच्याही खाली लोंबत असते. म्हणजे रेनकोट लहान नाही, भलताच मोठा आहे. तरी पाठीत फाटला. असं का होतं ते जरा नीट सांगते, कारण दरवर्षी तेच पैसे तसेच वाया जाताना दिसतात.

लहान मुलांच्या रेनकोटवर 30, 32, 34 असे जे आकडे असतात ते बहुतेक मालात लांबीचे असतात, इंचात. नंबर वाढला की लांबी वाढते, बाही वाढते आणि छातीचा घेर त्या मानाने थोडासाच वाढतो. आणि दप्तराला हवा असतो नेमका घेर, तोही फक्त पाठीमागे. दोन नंबर चढवून तुम्ही पुढून, खालून आणि हातात कापड विकत घेता. जिथे पाहिजे तिथे ते येतच नाही.

आमच्या शेजारच्या सहावीतल्या पोरीचं माप सांगते. उंची साडेचार फूट. युनिफॉर्मवरून छाती 27 इंच. दप्तर 12 इंच रुंद, आणि पुस्तकं, डबा, बाटली भरून 6 इंच जाड. दप्तर पाठीवर अडकवून, टेप तिच्या काखेखालून दप्तराला वळसा घालून घेतला तर भरला 41. नुसतं अंगापेक्षा 14 इंच जास्त! वर हात उचलता यावा, पुढे वाकता यावं म्हणून निदान 5 इंच सैल हवा. म्हणजे रेनकोटचा घेर 46 हवा. तिच्या उंचीचा रेनकोट टेबलावर सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजला तर 19 इंच, म्हणजे घेर 38. त्याच मालातला दोन नंबर मोठा मोजला, घेर 42. दप्तर कसंबसं कोंबलं जाईल, चेन लागेलही; पण पोरीने हात वर केला की सगळा ताण काखेच्या मागच्या शिवणीवर. तिथूनच तो सुटतो. 46 गाठायचा तर चार नंबर चढावं लागेल, आणि मग ती पोरगी रेनकोट घालून चालणार नाही, त्यात अडखळून पडेल.

याला उपाय बाजारातच आहे, फक्त मागावा लागतो. पाठीत दप्तरासाठी चुण असलेला रेनकोट येतो. पाठीवर उभी घडी असते, चेनने नाहीतर वेल्क्रोने बंद केलेली. ती उघडली की मागे पिशवीसारखी जागा होते. तिच्याच उंचीच्या नंबरात तसा रेनकोट मोजला, घडी उघडून 10 इंच कापड निघालं. 38 अधिक 10, झाले 48. बाही मनगटावर, खांदा खांद्यावर, आणि दप्तर आत. घेताना ती घडी किती उघडते हे टेपने मोजा. काही रेनकोटांत शोभेपुरती चार इंचांची घडी घालून वर दप्तराचं चित्र छापलेलं असतं. आणि चेन असेल तर ती वरून पट्टीखाली झाकलेली आहे का तेही पाहा, नाहीतर पाणी चेनीच्या दातांतून थेट गणिताच्या वहीवर.

आता लांबी. चुण उभी असते, त्यामुळे ती रुंदी देते, लांबी देत नाही. कापड मानेपासून निघून आधी दप्तराच्या माथ्यावरून मागे जातं आणि मग खाली पडतं. दप्तर खांद्याला लागून बसत असेल तर ते जितकं जाड, जवळपास तितका मागचा काठ वर उचलला जातो. वरच्या पोरीला मानेच्या हाडापासून गुडघ्याच्या जरा खालपर्यंत 32 इंच पुरतात. 6 इंच दप्तर वर चढलं की तोच काठ मांडीच्या मागे येतो, आणि पाठीवरून वाहून आलेलं सगळं पाणी तिथे, स्कर्टवर किंवा सलवारीवर पडतं. म्हणून तिला मागून 36 ते 38 लांबी हवी. नंबर वाढवायचा तर या कारणासाठी, आणि तोही एखाददुसरा. बाही तेवढी दुमडता येते.

लांबी कमी पडते आहे हे ओळखायची खूण खाली नसते, गळ्याशी असते. मागे कापड पुरलं नाही की ते पुढचा गळा मागे ओढतं. पोरगं सारखं कॉलरमध्ये बोट घालत असेल, किंवा मान खाली घालताच टोपी डोक्यावरून सरकत असेल, तर समजा मागे ओढाताण आहे. टोपीची दोरी आवळून हा प्रश्न सुटत नाही. उलट आवळलेली टोपी मानेबरोबर वळत नाही, पोरगं बाजूला पाहायला जातं आणि त्याला टोपीचं अस्तरच दिसतं. मागून ट्रॅक्टर येत असताना हे बरं नाही.

पोंचोचं गणित सोपं आहे. त्याला काख नाही, बाही नाही, घेर हवा तेवढा. फक्त मागची लांबी पाहायची: मानेपासून गुडघ्याखालपर्यंत, अधिक दप्तराची जाडी. पायी जाणाऱ्या आणि एस.टी.ने जाणाऱ्या पोरांना मी पोंचोच सुचवते. बसमध्ये चढताना डोक्यावरून काढला, झटकला, दप्तर पाठीवरच. रुंदी मात्र पाहा. हात खाली सोडल्यावर कडेचं कापड मनगटापर्यंत यावं, त्याहून जास्त नको. बाजूला बटणं हवीतच, नाहीतर कपाशीच्या उघड्या रानातून वारा आला की पोंचो पतंगासारखा डोक्यावर.

सायकलवर मात्र पोंचो नको म्हणजे नको. मानव विकास कार्यक्रमातून आठवीपासूनच्या कितीतरी मुलींना सायकली मिळाल्या, तीन-चार किलोमीटर त्या रोज सायकलने जातात. पोंचोचा मागचा काठ चाकात आणि पुढचा चेनकव्हर नसलेल्या चेनीत, दोन्ही जाऊ शकतात. चुणीचा लांब रेनकोटही सायकलवर थोडा तसाच. सीटवर बसल्यावर मागचा काठ चाकाला टेकत नाही ना, हे दुकानासमोर सायकल उभी करून पाहाच. त्यापेक्षा सायकलवाल्या मुलींनी दप्तर पाठीवर घेऊच नये. जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून कॅरिअरला आवळावं, आणि रेनकोट फक्त अंगाच्या मापाचा घ्यावा. खताची पिशवी वापरू नका, कितीही धुतली तरी डब्याशेजारी नको.

काही जण म्हणतात, रेनकोट अंगात आणि दप्तराला वेगळं कव्हर. कव्हर बाहेरून चांगलं झाकतं, पण दप्तराची पाठीला टेकणारी बाजू उघडीच राहते. खांद्यावरून उतरलेलं पाणी नेमकं तिथे उतरतं. अर्ध्या तासाच्या झडीत मागच्या कप्प्यातली पुस्तकं ओली झालेली मी पाहिली आहेत. दहा मिनिटांच्या रस्त्याला चालतं.

राहिला स्वेटर. "पावसाळ्यात स्वेटर कायले?" असं कोणी म्हणेल. पण झडीच्या सकाळी लहान पोरं काकडतात, आणि आपल्याकडे हिवाळ्यातही अवकाळी येतोच. कपडा जितका जाड, त्याच्या सहापट घेर वाढतो. अर्ध्या सेंटिमीटरच्या स्वेटरने छाती 3 सेंटिमीटर, म्हणजे सव्वा इंच वाढते. 27 इंचांच्या छातीत तो सव्वा इंच खपून जातो. पण 8 इंचांच्या दंडालाही तोच सव्वा इंच लागतो, आणि रेनकोटच्या बाहीत तेवढी सैल जागा नसते. म्हणून स्वेटरवरून रेनकोट आधी दंडात अडतो, छातीत नाही. दुकानात जाताना पोरगं, भरलेलं दप्तर आणि स्वेटर तिन्ही न्या. घालून दोन्ही हात वर करायला लावा, मग उकिडवं बसवा. दुकानदार घालू देत नसेल तर टेप न्या आणि टेबलावर मोजा, ते कोणी नाकारत नाही.

"पुढच्या वर्षीही चालंल" म्हणून मोठा घेणाऱ्यांनो, टिनाच्या घरात मे महिना काढलेला पीव्हीसीचा रेनकोट जूनमध्ये उघडून पाहिलाय का? घड्या एकमेकींना चिकटतात, नाहीतर घडीवरच तडकतो. पुढच्या वर्षीच्या भरवशावर या वर्षी पोरीला लोंबती बाही कशाला?

आणि घेऊन झाल्यावर "ताई, पाठीत चुण टाकून द्या" म्हणून माझ्याकडे आणू नका. पीव्हीसीतून सुई गेली की पडलेलं भोक मिटत नाही. पाठीत शिवण मारली तर ओळीने भोकं, तिथून पाणी आत आणि जोर पडला की त्याच ओळीवर टरकन फाटणार. मागची लांबी कमी पडत असेल तर मात्र आणा. फेकायच्या रेनकोटची सहा इंचांची पट्टी खालच्या काठाला जोडून देते, लांब टाक्याने, वरचं कापड पट्टीवर येईल असं. तिथे भोकं पडली तरी बिघडत नाही, कारण त्या जागी पाणी बाहेरच गळायचं असतं.