पुट महाग झाला म्हणून निफ्टी कोसळत नाही

‘जागे व्हा!! निफ्टीचा ४% खालचा पुट ४% वरच्या कॉलच्या तिप्पट महाग. अ‍ॅट द मनीलासुद्धा पुटची आयव्ही १४.४ आणि कॉलची ११.६. मोठ्या प्लेअर्सना आतली बातमी आहे, ते गुपचूप पुट गोळा करतायत. प्रत्येक क्रॅशच्या आधी स्क्यू असाच ओरडतो. ऑप्शन कधी खोटं बोलत नाहीत. फंडातून पैसे काढा, निदान एक पुट घेऊन ठेवा. दहा जणांना पाठवा.’

हा मेसेज मला तीन ग्रुपवर आला होता आणि तिन्ही वेळा मी तो सोडून दिला. चौथ्यांदा मामांनी पाठवला, खाली ‘काय करू?’ असं लिहून. मामा बँकेतून निवृत्त झालेत, आयुष्यात त्यांनी ऑप्शन घेतलेला नाही आणि इक्विटी फंडात त्यांचे नऊ लाख आहेत. तेव्हा आता लिहिणं भाग आहे.

आधी शब्द. पुट म्हणजे ठरलेल्या किमतीला निफ्टी विकण्याचा हक्क, कॉल म्हणजे विकत घेण्याचा, आणि ती ठरलेली किंमत म्हणजे स्ट्राइक. आयव्ही म्हणजे ऑप्शनच्या भावात धरलेला निफ्टीचा वार्षिक चढउतार, टक्क्यांत. तिप्पट हा आकडा खरा असू शकतो, हे आधीच कबूल करतो. हिशेब करून बघू. आकडे गोल धरतो. निफ्टी फ्युचर, म्हणजे पुढच्या तारखेच्या निफ्टीचा आज ठरलेला भाव, २५,०००; एक्सपायरीला, म्हणजे सौदा संपायला, ३० दिवस. मधल्या, म्हणजे अ‍ॅट द मनी, २५,००० च्या स्ट्राइकची आयव्ही १३. सगळ्या स्ट्राइकना हीच १३ लावली, तर २४,००० चा पुट ६३ रुपयांना आणि २६,००० चा कॉल ७२ ला बसतो. म्हणजे कॉलच किंचित महाग. प्रत्यक्ष बाजारात मात्र खालच्या पुटला १७ ची आयव्ही मिळते आणि वरच्या कॉलला ११ ची. त्या आयव्हीने पुट १३४ चा होतो आणि कॉल ४१ चा. स्ट्राइक खाली जाईल तशी आयव्ही चढत जाते, या उताराला स्क्यू म्हणतात. तिप्पट इथून आली.

पण ती अशी दर महिन्याला येते. बाजार शांत असतानाही असतेच, कमीजास्त प्रमाणात. फंड, पीएमएस, मोठे गुंतवणूकदार यांच्याकडे शेअर आधीच असतात. त्यांना पडझडीपासून संरक्षण हवं असतं, म्हणून ते खालचे पुट विकत घेतात. तेच लोक हातातल्या शेअरवर थोडं उत्पन्न मिळावं म्हणून वरचे कॉल विकतात. पुटला कायम गिऱ्हाईक, कॉलला कायम विक्रेता. वरच्या हिशेबात कॉल ७२ चा ४१ झालाय तो त्यामुळे, आणि तिपटीतला बराच भाग त्या स्वस्त कॉलचा आहे. शिवाय निफ्टी चढतो जिना चढल्यासारखा आणि पडतो लिफ्ट तुटल्यासारखा. पडताना चढउतार वाढतात, हे पुट विकणाऱ्याला ठाऊक असतं, आणि तो त्याचे पैसे आधीच मागून घेतो. आणि ‘गुपचूप गोळा करतायत’ म्हणे! घेतलेला प्रत्येक पुट कुणीतरी विकलेला असतो, आणि विकणारेही मोठेच असतात. त्यांना कोणती बातमी होती?

आता मला सगळ्यात जास्त राग आणणारा मुद्दा, १४.४ आणि ११.६ चा. हा नुसता चुकीचा नाही, अशक्य आहे. निफ्टीचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे, म्हणजे एक्सपायरीलाच वापरता येणारे. एकाच स्ट्राइकचा, एकाच एक्सपायरीचा कॉल विकत घ्या आणि पुट विका, हातात जे उरतं ते फ्युचरच असतं. त्यामुळे त्या दोघांची आयव्ही एकच असावी लागते. तशी नसेल तर कुणीतरी दोन्ही आणि फ्युचर एकत्र करून काही सेकंदांत तो फरक खाऊन टाकतो. मग स्क्रीनवर फरक का दिसतो? कारण आयव्ही काढणाऱ्या सूत्राला निफ्टीची पुढची किंमत चुकीची दिलेली असते. समजा, स्पॉट, म्हणजे निफ्टीचा आत्ताचा भाव, २४,८७५ आहे. फ्युचर २५,००० ला आहे, म्हणजे बाजार वर्षाला साधारण ६% धरून चाललाय. पण सॉफ्टवेअरने फ्युचर न बघता स्पॉटवर १०% व्याज लावलं. त्याच्या लेखी पुढची किंमत २५,०८० च्या आसपास येते. त्या काल्पनिक ८० पॉइंटमुळे त्याला पुट ४० रुपये महाग वाटतो आणि कॉल ४० रुपये स्वस्त. २५,००० च्या स्ट्राइकला आयव्हीचा एक पॉइंट म्हणजे साधारण २८-२९ रुपये. म्हणून पुटची आयव्ही १.४ ने फुगते, कॉलची तेवढीच घटते. १४.४ आणि ११.६! खरी आयव्ही दोन्हीकडे १३ होती. ज्याला मेसेजवाला बाजाराची भीती म्हणतोय, ती व्याजदराच्या रकान्यातली चूक आहे. तपासायचं असेल तर सोपं आहे: तुमच्या स्क्रीनवर एकाच स्ट्राइकच्या दोन आयव्ही वेगळ्या दिसत असतील, तर स्क्यू वगैरे बोलण्याआधी ते साधन फ्युचरवरून मोजतंय का ते बघा.

‘प्रत्येक क्रॅशच्या आधी’ या वाक्यासाठी एकच दाखला पुरेसा आहे. १९ ऑक्टोबर १९८७ ला अमेरिकेचा डाऊ एका दिवसात २२.६% पडला. मार्क रुबिनस्टीन या ऑप्शनच्या अभ्यासकाने १९९४ मध्ये जर्नल ऑफ फायनान्समध्ये एस अँड पी ५०० च्या ऑप्शनच्या किमती मांडल्या. त्यात दिसलं ते असं, की त्या क्रॅशच्या आधी वेगवेगळ्या स्ट्राइकची आयव्ही जवळपास सपाट होती. उतार आला तो नंतर, आणि आल्यावर गेला नाही. त्याने त्याला ‘क्रॅशोफोबिया’ असं नाव दिलं. म्हणजे डाऊच्या इतिहासातली एका दिवसातली सगळ्यात मोठी पडझड आली तेव्हा स्क्यू गप्प होता. दुधाने तोंड पोळल्यावर बाजार ताक फुंकून पितोय, आणि आपण त्या फुंकरीला भविष्यवाणी म्हणतोय.

आपल्याकडचं उदाहरण ताजं आहे. लोकसभेच्या निकालाआधी, मे २०२४ च्या अखेरीस इंडिया व्हिक्स २४ च्या वर गेला होता. (व्हिक्स म्हणजे स्क्यू नव्हे. तो ऑप्शनच्या महागाईची एकूण पातळी सांगतो, उतार नाही. पण मुद्द्याला चालेल.) एक्झिट पोल आले आणि ३ जूनला निफ्टी ३ टक्क्यांहून जास्त चढून २३,२६३.९० वर बंद झाला. व्हिक्स २१ च्या आसपास उतरला. भीती ओसरली! दुसऱ्या दिवशी, ४ जूनला, निफ्टी ५.९३% पडला. आणि ७ जूनला परत ३ तारखेच्या वर बंद झाला. भीतीच्या आकड्यावर चालणाऱ्याने ३ तारखेला बिनधास्त व्हायचं होतं आणि ४ तारखेला विकायचं होतं. दोन्ही वेळा चुकीच्या दाराशी.

यात खरं काहीच नाही का? आहे थोडं. उतार अचानक तीव्र झाला, तर संरक्षणाची मागणी वाढली किंवा विकणारे मागे हटले, एवढं नक्की कळतं. पण त्यासाठी तो नीट मोजावा लागतो: एकाच एक्सपायरीत २५ डेल्टाच्या, म्हणजे कामी येण्याची शक्यता बाजार साधारण २५% धरतो अशा पुटच्या आयव्हीतून तशाच कॉलची आयव्ही वजा करायची, आणि हा फरक त्याच्याच गेल्या काही महिन्यांशी ताडून बघायचा. एका दिवसाच्या स्क्रीनशॉटवरून काहीही कळत नाही. अमेरिकेतल्या एकेकट्या शेअरवरचा २०१० मधला एक अभ्यासही आहे, ज्यात तीव्र स्क्यूचे शेअर पुढे मागे पडलेले दिसले. एका कंपनीची आतली बातमी असू शकते, तेही मानतो. पन्नास कंपन्यांच्या निर्देशांकाची आतली बातमी कोणाकडे असणार?

राहिला सल्ला. पुट तिप्पट महाग आहे म्हणता आणि तोच घ्या म्हणता! आपल्या उदाहरणातला १३४ चा पुट, ६५ चा लॉट, म्हणजे ८,७१०. त्यातून झाकले जातात सव्वासोळा लाखांचे शेअर, मामांकडे आहेत नऊ लाख. अर्धा लॉट मिळत नाही. वर पहिले ४% नुकसान स्वतःचंच. दर महिन्याला १३४ म्हणजे वर्षाला निफ्टीच्या ६.४%. फंडाने वर्षभर राबून जे दिलं, त्यातलं बरंचसं संरक्षणातच जाईल.

आणि बरोबर ठरलात तरी पैसे मिळतीलच असं नाही. दहा दिवसांनी फ्युचर २४,८०० ला आलं असं धरा. मेसेज खरा ठरला, बाजार पडला. पण तो हळूहळू पडला, घबराट निवली आणि २४,००० ची आयव्ही १७ वरून १४ वर आली. तुमचा १३४ चा पुट आता ६७ च्या आसपास असेल. निफ्टी २०० पॉइंट खाली, आणि पुट निम्म्यावर. महाग भीती विकत घेतली की असं होतं: भीती स्वस्त झाली तरी आपलंच नुकसान.

हे सगळं मी मामांना फोनवर सांगितलं. फंड विकायचा नाही, हे त्यांना पटलं. मग त्यांनी एक स्क्रीनशॉट पाठवला: त्याच २४,००० च्या पुटची आयव्ही २५! म्हटलं, मामा, ही दोन दिवसांनी संपणारी एक्सपायरी आहे. इतक्या कमी दिवसांत ४% खूप लांब असतं, तिथे दोन रुपये भाव असला तरी आयव्ही २५ च्या घरात दिसते. ती भीती नाही, पुट विकणाऱ्याने दोन रुपयांच्या खाली यायला दिलेला नकार आहे.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग मामा म्हणाले, “दोनच रुपये? मग हा तर स्वस्त झाला की. दहा लॉट घेऊन टाकू का?”