नासलेले दूध आणि पुन्हा उकळण्याचा भरवसा

"दूध एकदा उकळले की त्यातले सगळे जंतू मरतात, त्यामुळे ते रात्रभर बाहेर राहिले तरी सकाळी पुन्हा एक उकळी दिली की झाले. गरम दूध फ्रिजमध्ये जाऊ नये म्हणून ते ओट्यावर आपोआप गार होऊ द्यावे. आणि तापवताना दूध नासले तर समजावे, त्यात भेसळ आहे."

उकळीने दुधातील बहुतेक रोगकारक जंतू मरतात, एवढे खरे आहे. मात्र बॅसिलस गटातील काही जंतू कठीण कवचाच्या बीजाणूंच्या रूपात असतात आणि ते साधी उकळी सहज पचवतात. उलट त्या उष्णतेनेच ते जागे होतात आणि दूध कोमट झाले की, इतर जंतू आधीच मेलेले असल्यामुळे, त्यांना मोकळे रान मिळते. त्यांतील बॅसिलस सिरियस या जंतूचे काही प्रकार उलट्या घडवणारे विष तयार करतात आणि ते विष पुन्हा उकळल्यानेही नष्ट होत नाही. म्हणजे सकाळची उकळी जंतूंना मारील, पण त्यांनी रात्रभरात दुधात जे सोडले ते तसेच राहील.

दुसऱ्या मुद्द्यात निम्मे तथ्य आहे. वाफाळते पातेले थेट फ्रिजमध्ये ठेवल्यास शेजारचे पदार्थ तापतात, आणि मोठ्या पातेल्यातील दूध मधोमध बराच वेळ कोमटच राहते. परंतु त्यावरचा उपाय 'आपोआप' हा नव्हे. झाकलेल्या खोल पातेल्यातील दूध साठ अंशांखाली आल्यावर फार संथपणे निवते आणि जंतूंच्या वाढीला सर्वांत पोषक अशा पट्ट्यातच तासन् तास रेंगाळते. म्हणून उकळी आल्यावर पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवावे, दूध स्वच्छ डावाने अधूनमधून ढवळावे, म्हणजे साय धरून उष्णता अडत नाही, आणि परातीतील पाणी गरम झाले की एकदोनदा बदलावे. अशा रीतीने एक लिटर दूध साधारण अर्ध्या तासात हाताला गार लागू लागते. मग ते झाकून फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवावे, दारात नव्हे. दाराची उघडझाप होत असल्याने तेथे तापमान वरखाली होते, आणि दुधाला 4 अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी तापमान लागते. काही कारणाने एवढे जमले नाही, तरी उकळल्यापासून दोन तासांच्या आत दूध फ्रिजमध्ये गेलेच पाहिजे. (पाश्चरीकृत दुधाची न उघडलेली पिशवी सतत थंड राहिली असेल, तर सुरक्षिततेसाठी ते उकळण्याची गरजही नसते.)

तिसरा मुद्दा सर्वांत फसवा आहे, कारण फ्रिजमधून काढताना अगदी एकजीव दिसणारे दूध गॅसवर नासते, तेव्हा संशय दुधवाल्यावरच जातो. प्रत्यक्षात ताज्या दुधाचा सामू, म्हणजे आंबटपणा वाढला की उतरणारा आकडा, 6.7च्या आसपास असतो. जंतू दुधातील साखरेपासून आम्ल तयार करू लागले की तो उतरतो. सामान्य तापमानाला दुधाचे दही बनण्यासाठी तो सुमारे 4.6पर्यंत खाली यावा लागतो; परंतु उकळताना 5.8च्या आसपासच प्रथिनांचे कण एकमेकांना चिकटू लागतात. या दुसऱ्या आकड्याच्या जरासे खाली आलेले दूध थंड असताना चांगले दिसते, फारसे आंबटही लागत नाही, आणि आच लागताच फाटते. समजा, रात्री नऊ वाजता उकळलेले दूध ओट्यावर राहिले, मध्यरात्री फ्रिजमध्ये गेले आणि सकाळी त्यात पातेल्याच्या तळाशी राहिलेले जुने दूध मिसळले. अशा वेळी तापवताना आधी डावाला बारीक रवाळ कण चिकटतात आणि मग हिरवट पाणी वेगळे होते. येथे भेसळीची काहीच गरज नाही. तीन तासांचा कोमटपणा आणि जुन्या दुधातले जंतू पुरेसे आहेत. म्हणूनच ताजे आणि शिळे दूध एकत्र करू नये.

कधी दूध आंबट न होताच नासते आणि कडवट लागते. जंतूंची विकरे, म्हणजेच एन्झाइम, प्रथिने तोडतात, तेव्हा असे घडते; थंडीतही वाढणाऱ्या काही जंतूंची विकरे तर उकळीलाही दाद देत नाहीत. असे दूध पनीर म्हणून वाचवू नये. ताज्या दुधात आपण स्वतः लिंबू पिळून केलेले पनीर वेगळे, आणि कोणत्या जंतूंनी फाडले हे ठाऊक नसलेले दूध वेगळे.

भेसळीबाबत तर उलटेच घडू शकते. दुधाचा आंबटपणा लपवण्यासाठी त्यात सोड्यासारखे क्षार मिसळले जातात, आणि त्यामुळे जे दूध नासायला हवे ते नासतच नाही. शंका असल्यास सगळे पातेले तापवण्याआधी दोन चमचे दूध छोट्या भांड्यात उकळून पाहावे. ते फाटले तर उरलेलेही वापरण्याजोगे नाही. मात्र ते टिकले, तरी त्यावरून दूध शुद्ध असल्याचे सिद्ध होत नाही.