चारशे छत्तीस रुपये कापताना एक फोन करायला काय झालं होतं?

आज दादांचं स्टेटमेंट हातात आलं आणि डोकं फिरलंय. पुतणीच्या यूकेच्या स्टुडंट व्हिसासाठी दादांच्या खात्यात २४ लाख ६५ हजार ठेवले होते. २० मे ते १६ जून, बरोबर २८ दिवस. घरात लग्नाचा आहेर करायचा होता तोही उसना आणला, पण त्या खात्याला हात लावला नाही. आणि २९ मेच्या ओळीला डेबिट ४३६ रुपये! जीवनज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता. कधीतरी शाखेत कॅम्प लागला होता, तेव्हा दादांची सही घेतली होती, ती चालू आहे म्हणे. मेच्या शेवटच्या आठवड्यात हप्ता आपोआप कापला जातो.

योजना चांगली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण आम्ही ज्या दिवशी पैसे भरले त्याच दिवशी शाखेत जाऊन सांगितलं होतं की, हे खातं व्हिसासाठी आहे, यातून काही कापलं जाणार असेल तर आधी कळवा. मान डोलावली होती ना तुम्ही? मग एक फोन का नाही केला?

आता हिशेब बघा. सीएएसवर, म्हणजे युनिव्हर्सिटीनं व्हिसासाठी दिलेल्या प्रवेशाच्या दाखल्यावर, पुतणीची पहिल्या वर्षाची फी १६ हजार पौंड. त्यातले ६ हजार भरलेत, राहिले १० हजार. राहण्याखाण्याचा खर्च लंडनबाहेर महिन्याला १,१७१ पौंड, हा आकडा ११ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. नऊ महिन्यांचे झाले १०,५३९. एकूण २०,५३९ पौंड. १२० रुपयांच्या दराने २४ लाख ६४ हजार ६८० रुपये. आम्ही ठेवले २४ लाख ६५ हजार, म्हणजे वर ३२० रुपये. कापले ४३६. एकशेसोळा रुपये कमी! आणि नियम असा की २८ दिवसांत एका दिवसालाही शिल्लक लागणाऱ्या रकमेच्या खाली जाता कामा नये. सरासरी बघत नाहीत, शेवटचा आकडा तेवढा बघून सोडत नाहीत. सगळ्यात खालचा दिवस धरतात.

शाखेत गेलो. खिडकीवरचे साहेब म्हणतात, "काय ओ सर, चारशे रुपयांचं काय घेऊन बसलाय? आत्ता पाचशे भरा, आजच्या तारखेचं बॅलन्स सर्टिफिकेट काढून देतो की."

आजच्या तारखेचं! अहो, मागच्या २८ दिवसांत रोज संध्याकाळी खात्यात किती होते, हे बघायचंय व्हिसावाल्यांना. एका दिवसाच्या शिल्लकेचा दाखला तिथं काय कामाचा? आज पाचशे भरले तर आजपासून नवे २८ दिवस मोजायचे. १७ जूनला भरले तर १४ जुलैपर्यंत थांबायचं, मग अर्ज, मग बोटांचे ठसे, मग तीन आठवडे वाट. सप्टेंबरला कॉलेज सुरू. पोरगी घरात कॅलेंडरकडे बघून रडतेय आणि हे म्हणतात काय घेऊन बसलाय.

स्टेटमेंट काढून द्या म्हटलं तर आधी १ एप्रिल ते ३१ मे असं काढून दिलं. "मंथ एंडपर्यंतच निघतं" म्हणे. निघत नाही, तुम्ही तारीख टाकत नाही. मला १६ जूनला संपणारं पाहिजे. कारण स्टेटमेंटची शेवटची तारीख आणि अर्ज भरून पैसे भरायची तारीख यांच्यात ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. ३१ मेला संपणारं स्टेटमेंट घेऊन आम्ही कुठं जाऊ? त्यात तर २० मेपासून धरले तरी बारा दिवसच होतात. बँकेचं नाव, खातेदाराचं पूर्ण नाव, खाते नंबर, कागदाची तारीख आणि ते २८ दिवस दाखवणाऱ्या नोंदी, एवढंच तर लागतं. एवढं छापायला सगळी दुपार गेली. आणि छापलं ते काय, नावाच्या जागी नुसती आद्याक्षरं. पुतणीच्या जन्मदाखल्यावर दादांचं पूर्ण नाव आहे. हे पैसे बापाचे आहेत हे त्या जन्मदाखल्यावरूनच दाखवायचं असतं, सोबत बापाचं संमतीपत्र जोडायचं असतं. दाखल्यावर एक नाव आणि स्टेटमेंटवर दुसरं असेल तर बाप कोण, हे कोणाला कळणार? केवायसी करताना आधार घेतलंत, पॅन घेतलंत, मग पूर्ण नाव घालायला काय होतं?

आणि आता तोंड उघडलंच आहे तर बेळगावच्या टिळकवाडीतल्या त्या कन्सल्टन्सीवाल्याचंही ऐका. पैसे घेताना गोड बोलला. पहिल्यांदा काय सांगितलं? सीएकडून नेट वर्थचं सर्टिफिकेट आणा, जमीन धरा, सोनं धरा. खानापूर तालुक्यातली सगळी शेती, वहिनीचे दागिने, सगळ्यांचं व्हॅल्युएशन करून घेतलं, त्याची फी वेगळी. यूकेच्या स्टुडंट व्हिसाला शेतीचा उतारा आणि तोळ्यांचा हिशेब कामाचाच नाही! लगेच काढता येतील असे पैसे लागतात. बचत खातं चालतं, मोडता येणारी बँकेची ठेव चालते. शेअर चालत नाहीत, ओव्हरड्राफ्टची लिमिट चालत नाही. हे त्याला माहीत नव्हतं का? माहीत नसेल तर बोर्ड कशाला लावलाय?

मग आमची सोसायटी. इकडच्या कुठल्या घराचे पैसे सोसायटीत नाहीत ते सांगा. दोन टक्के व्याज जास्त मिळतं, चेअरमन ओळखीचा असतो, अडीनडीला रात्री दार वाजवलं तरी कर्ज मिळतं. दादांची अर्धी रक्कम एका सौहार्द सोसायटीत ठेवीत होती. एजंट म्हणाला ठेवीची पावती चालेल. कशी चालेल? सौहार्द सोसायट्या कर्नाटकाच्या १९९७ च्या सौहार्द सहकारी कायद्याखाली आहेत, रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली बँक ती नव्हे. आणि तिकडचा नियम विचारतो की, संस्थेवर योग्य नियामक आहे का, नोंदी संगणकावर आहेत का, आम्ही विचारलं तर खात्री करून मिळेल का. हातानं लिहिलेल्या पासबुकावर कोण जोखीम घेणार? शेवटी ठेव मोडली, व्याज बुडालं, पैसे बँकेत आणले. आणि २८ दिवस बँकेत आल्यापासून मोजायचे, सोसायटीत ते पाच वर्षं होते त्याला किंमत शून्य.

तिथंही एक घोळ होणार होता. शाखेनं दादांना न सांगता खात्याला ऑटो स्वीप लावून ठेवलं होतं. म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचे पैसे आपोआप ठेवीत जातात आणि बचत खात्याच्या स्टेटमेंटवर पंचवीस-पन्नास हजारच दिसतात. पैसे आहेत, पण कागदावर नाहीत! ते मी आधीच बघून बंद करून घेतलं म्हणून बरं. शेजारच्या गल्लीतल्या एका मुलाचं याच कारणानं महिनाभर मागं गेलं.

आणि मी? मी सख्खा काका. आमचं घर अजून एकत्र आहे, चूल एक आहे. माझ्या खात्यात पैसे होते, पण ते चालत नाहीत. पैसे विद्यार्थ्याच्या नावावर पाहिजेत, नाहीतर आईबापाच्या किंवा कायदेशीर पालकाच्या. काका नाही, मामा नाही, आजोबा नाही, सख्खा भाऊसुद्धा नाही. पोरीला शाळेत मी सोडलं, पहिली सायकल मी घेतली, पण माझं स्टेटमेंट कचऱ्यात. याचा राग बँकेवर काढून उपयोग नाही, पण राग येतो तो येतोच.

या सगळ्यात सर्वात संताप कशाचा आला सांगू? उपाय होता, आणि तो ना शाखेनं सांगितला ना एजंटनं. रात्री नियम परत वाचताना मलाच दिसला. लागणारी रक्कम म्हणजे राहिलेली फी अधिक राहण्याचा खर्च. राहिलेली फी कमी झाली की लागणारी रक्कम कमी होते. आणि फी कोणी भरावी यावर बंधन नाही! म्हणजे माझ्या खात्यातून मी युनिव्हर्सिटीला ५०० पौंड पाठवले, तर राहिलेली फी ९,५०० होते, लागणारी रक्कम २०,०३९ पौंड होते. १२० च्या दरानं २४ लाख ४ हजार ६८० रुपये. दादांच्या खात्यातली सगळ्यात खालची शिल्लक २४ लाख ६४ हजार ५६४. जवळजवळ साठ हजार वर! तेच स्टेटमेंट, तेच २८ दिवस, ती ४३६ ची ओळ तशीच असू दे.

आणि हा साठ हजारांचा वाव पाहिजेच, कारण दर आपल्या हातात नाही. रुपयांचे पौंड करताना अर्जाच्या दिवसाचा ओआंडा या चलनदरांच्या वेबसाइटवरचा दर धरतात, पैसे ठेवले त्या दिवसाचा नाही. वीस हजार पौंडांवर दर एका पैशानं हलला की दोनशे रुपये इकडचे तिकडे होतात. मग आमचे वरचे ३२० रुपये किती टिकणार होते? हप्ता कापला नसता तरी दर दोन पैशांनी चढला असता तर हीच वेळ आली असती. आकड्याला आकडा भिडवून पैसे ठेवायला लावणाऱ्या त्या एजंटला हे विचारलं तर म्हणतो, "सर, सगळ्यांचं असंच करतो." आता नव्या हिशेबानं दर १२२ रुपये ९८ पैशांपर्यंत गेला तरी आम्ही वर आहोत.

सकाळी पैसे पाठवतोय. युनिव्हर्सिटीला मेल टाकला आहे की, जमा झालेली रक्कम सीएएसवर चढवा आणि पावतीही द्या, कारण भरलेली फी सीएएसवर किंवा पावतीवर दिसली तरच वजा होते. पूर्ण नावाचं, १६ जूनला संपणारं स्टेटमेंट शाखेकडून लेखी अर्ज देऊन मागितलंय, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतलीय. १७ जुलैच्या आत अर्ज भरला की झालं. ज्यांच्या घरी सप्टेंबरची तयारी चालू आहे त्यांनी आज रात्रीच पासबुकात मेच्या शेवटच्या आठवड्याच्या ओळी बघा.