टीव्ही अडकतो म्हणून लगेच प्लॅन वाढवू नका

"टीव्हीवर गोल गोल फिरत राहिलं की समजायचं प्लॅन स्लो आहे, सरळ १०० एमबीपीएसचा घ्या."

असं नसतं हो. फुल एचडीला साधारण ५ एमबीपीएस पुरतात, फोरकेला १५ ते २५, म्हणजे ४० च्या प्लॅनवर एक टीव्ही आरामात चालायला पाहिजे. आमच्याकडे ४० चाच आहे, तरी रोज अडकायचा, मग मी फोनवर fast.com ही स्पीड मोजायची साइट उघडून राउटरच्या शेजारी उभं राहून बघितलं तर ३८, आणि तोच फोन टीव्हीजवळ नेला तर फक्त ४! लाइन ठीक होती, मधल्या दोन भिंती सिग्नल खात होत्या. तिथे १०० चा प्लॅन घेऊनही टीव्हीजवळ ४-५ च आले असते.

फोनवर चांगला आकडा आला तरी टीव्हीचा वायफाय कमजोर असू शकतो, त्यामुळे पक्कं करायचं तर लॅन केबल थेट टीव्हीला लावून तोच व्हिडिओ लावा. केबलवर नीट चालला तर दोष वायफायचा, राउटर उघड्यावर टीव्हीच्या जवळ आणा नाहीतर केबलच राहू द्या. भिंती मध्ये असतील तर वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडपेक्षा २.४ चा बँड लांब पोचतो, पण शेजाऱ्यांचे राउटर त्याच बँडवर गर्दी करतात, दोन्ही लावून बघा.

राउटरजवळसुद्धा ५-६ च येत असेल, विशेषतः रात्री किंवा महिन्याचा डेटा संपल्यावर, तेव्हा मात्र प्रश्न लाइनचा किंवा प्लॅनचा, तिथे कंपनीला फोन करा.